गिरणीचे बारा

"टायमास्तर, तुमच्या गिरणीचे बारा कवा वाजत्यात?"

रुक्माक्का फाटकाच्या पायरीवर बसली होती. मांडीवर चार महिन्यांची नात होती, आणि ती गेल्या पाव तासापासून एकाच स्वरात रडत होती.

"बारा वाजता," मी म्हणालो.

माझ्या पदाला शोभेल असंच हे उत्तर होतं. मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालो होतो आणि दीड वर्ष घरी बसून, शेवटी कुसूर संस्थानातल्या जयंती मिलमध्ये टाइमकीपर म्हणून लागलो होतो. कामगारांनी त्या पदाचं टायमास्तर करून टाकलं होतं. मीही हरकत घेतली नव्हती.

"मग ही सावली बघा की." तिनं हनुवटीनं जमिनीकडे खूण केली. "धुराड्याची सावली मोरीच्या दगडाला टेकली की बारा. दसऱ्यापासनं मी त्याच टायमाला पोरीला आणतीया. टेकली की भोंगा, भोंगा झाला की गोदी भायेर. आता सावली दगड वलांडून पार गेली. भोंगा कुठंय?"

मी मान वर करून फाटकावरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात बाराला अठरा मिनिटं कमी होती.

"थंडीत सावली सरकते, आजी."

"सरकती. पर पंधरा दिसांत यवडी?"

मी आत जाऊन हजेरीचा तक्ता सारखा केला. तो सारखाच होता.

शेवटी भोंगा झाला. जमिनीखालून येणारा इंजिनाचा ठोका मंदावला, आणखी मंदावला आणि थांबला. त्यासरशी वर छताखालचे पट्टे, माग, चात्या सगळं एकदम गप्प झालं. गिरणीतली ती शांतता मला नेहमी चमत्कारिक वाटे. चारशे माणसं एकाच क्षणी बोलायची थांबावीत तशी. मग गोदाक्का पळत आली. रुक्माक्काची ही सून कांडी खात्यात मागांसाठी सुताच्या कांड्या भरायला होती. नवरा प्लेगच्या साथीत गेला, तेव्हा मूल पोटात होतं. तिच्या चोळीवर पुढे दोन ओले डाग होते, ते ती पदरानं झाकत होती.

"हिला भूक, मला कळ," ती सासूला म्हणाली. "दोगीबी त्या भोंग्याची वाट बघत बसायच्या."

"घरात माग हुता तवा पोर रडलं की मागाच्या खड्ड्यातनं उठायचं," रुक्माक्का मला उद्देशून म्हणाली. "धोटा तितंच ऱ्हायचा. तो काय पळून जातूय?"

"मग तवा कापड किती व्हायचं, आत्ती?" गोदाक्का हसली.

"व्हायचं तवडं व्हायचं. पोरगं बी व्हायचं नि कापड बी."

पोरगी पिऊन पेंगुळली. गोदाक्का तिला खांद्यावर घेऊन थोपटू लागली. मी घड्याळ हातात धरून सुट्टी मोजत होतो, कारण ते माझं कामच होतं. टाइमकीपरला एक वाईट खोड लागते: जे हलतं ते मोजायची. मी तिचं थोपटणं मोजलं. मिनिटाला छप्पन्न. दुसऱ्या मिनिटालाही छप्पन्न. एवढा सरळ हात मी कुणाचा पाहिला नव्हता. त्याचं मी मनातल्या मनात कौतुक केलं आणि विषय सोडून दिला.

आता त्या घड्याळाबद्दल सांगायला हवं, कारण तसलं घड्याळ मी नंतर कुठं पाहिलं नाही. त्याला स्वतःची चावी नव्हती, लंबक नव्हता. इंजिनाचा मुख्य शाफ्ट जिथून मागांच्या खात्यात शिरे, तिथून दोन चाकांच्या दात्यांवर एक बारीक दांडा भिंतीतून वर नेला होता आणि तो फाटकावरच्या काट्यांना फिरवत होता. गिरणी उभारणाऱ्या पहिल्या मालकांचा हा विचार. माणसानं दहा तास काम केलं म्हणजे काय, तर इंजिनानं मिनिटाला साठ या हिशेबानं छत्तीस हजार फेरे मारले. ते झाले की दिवस झाला. इंजिन बंद पडलं तर घड्याळही बंद. तेवढा वेळ झालाच नाही असं धरायचं.

एक अडचण होती. जेवणाच्या सुट्टीत इंजिन थांबे, म्हणजे घड्याळही थांबे, आणि त्या हिशेबानं सुट्टी कधीच संपली नसती. यासाठी मी होतो. सकाळी साडेसहाला स्टेशनच्या वेळेवरून घड्याळ लावायचं, सुट्टीची तीस मिनिटं माझ्या मनगटी घड्याळावर मोजायची आणि मग शिडीवर चढून काटे साडेबारावर आणायचे. गिरणीत घड्याळ बाळगायला परवानगी असलेली माणसं तीन: मॅनेजर, इंजिनवाला आणि मी. कामगारांना बंदी होती. ब्रिटिश मुलखातला कारखान्यांचा कायदा नदीच्या पलीकडच्या काठावर थांबत असे. त्याला पोहता येत नव्हतं.

त्या दिवशी सुट्टी सुरू झाली तेव्हा माझ्या मनगटावर बारा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. सकाळी मी घड्याळ बरोबर लावलं होतं. म्हणून सुट्टी संपल्यावर मी इंजिनघरात गेलो.

इंजिनघर गिरणीतली सगळ्यांत स्वच्छ जागा. फरशी आरशासारखी, पितळ सोन्यासारखं, आणि त्यात इस्माईल मिस्त्री पांढरा सदरा घालून तेलाची झारी हातात घेऊन देवळातल्या पुजाऱ्यासारखा फिरे. नुकतीच त्यानं वाफ सोडली होती. लांबलचक सिलिंडरातून चकचकीत दांडा बाहेर येई, आत जाई, बाहेर, आत, आणि त्याच्या ढकलण्या-ओढण्यानं दोन पुरुष उंचीचं चाक फिरे. चाकाच्या कडेवर बारा खाचा, खाचांतून मनगटाएवढे बारा सुती दोर, ते भिंतीतल्या फटीतून शाफ्टवर गेलेले. शाफ्टवरून प्रत्येक मागाला एकेक चामडी पट्टा. दोनशे माग आणि सूत कातणाऱ्या चार हजार चात्या त्या एका दांड्याच्या जिवावर.

"मिस्त्री, इंजिन हळू चालतंय का?"

इस्माईलनं झारी खाली ठेवली. "पंधरा दिवसांत तुम्ही पहिले विचारणारे."

"म्हणजे चालतंय."

"इकडं या." त्यानं मला गव्हर्नरपाशी नेलं. उभ्या दांड्यावर दोन लोखंडी गोळे, इंजिनाबरोबर गरागरा फिरणारे; मध्ये एक जड वजन. "इंजिन जोरात गेलं की गोळे बाहेर फेकले जातात, वर चढतात. वर चढले की हा तरफेचा हात वाफेची झडप आवळतो. इंजिन मंदावलं की गोळे खाली, झडप मोकळी, वाफ जास्त. असा तो साठवर धरून ठेवतो. ही बघा, कानशीनं खूण केलीय मी. साठ फेऱ्यांना हे वजन बरोबर या खुणेवर पाहिजे."

वजन खुणेच्या दोन बोटं खाली फिरत होतं.

"झडप?"

"सताड उघडी. गव्हर्नर बिचारा सारखी वाफ मागतोय, पण बॉयलरमध्ये असेल तर देणार. मॅनेजरसाहेबांनी नवा कोळसा आणलाय ना. कोळसा कसला, अर्धी माती. भट्टीवाले घाम गाळतात, राख ओढून ओढून हात सोलले, तरी वाफेच्या दाबाचा काटा नव्वद पौंडांच्या वर सरकत नाही. एकशेवीस पाहिजे." त्यानं माझं मनगट धरून माझ्या घड्याळावर चाकाचे फेरे मोजले. "छप्पन्न."

"तुम्ही साहेबांना सांगितलं नाही?"

"सांगितलं. ते म्हणाले, कापड कमी झालंय का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग इंजिन बरोबर आहे."

संध्याकाळपर्यंत मी हे डोक्यात घोळवलं. इंजिन मंदावलं की माग मंदावतात, कापड हळू होतं. पण घड्याळही तेवढंच मंदावतं, म्हणून गिरणीच्या दहा तासांत कापड तेवढंच निघतं. कापडावरून घड्याळ तपासावं तर बरोबर. घड्याळावरून कापड तपासावं तर बरोबर. दोघंही एकाच दांड्याला बांधलेले आणि एकमेकांचे साक्षीदार. फक्त दिवस त्रेचाळीस मिनिटांनी लांबला होता आणि हे आत कुठंच दिसत नव्हतं. ते दिसत होतं फाटकाबाहेर, मोरीच्या दगडावर. गोदाक्काच्या चोळीवरही.

मी काय करायला हवं होतं हे उघड होतं: मॅनेजर दाबक्यांकडे जाऊन बोलायला हवं होतं. पण मी दीड वर्ष घरी बसलेला माणूस होतो. मी तेलाची बुदली घेतली आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता घड्याळाला तेल द्यायला शिडीवर चढलो. उतरलो तेव्हा काटे चौदा मिनिटं पुढे गेले होते. साडेअकराला पुन्हा तेल दिलं, आणखी दहा.

सावली मोरीच्या दगडाला टेकली आणि भोंगा झाला.

"आज देवाला आठवण झाली वाटतं," रुक्माक्का म्हणाली.

मी नम्रपणे वर बघितलं.

संध्याकाळची एकोणीस मिनिटं मी तशीच राहू दिली. माझी क्रांती दुपारपर्यंतचीच होती.

असे आठ दिवस गेले. घड्याळाला इतकं तेल कुणी कधी दिलं नसेल. नवव्या दिवशी दाबक्यांनी मला बोलावलं. गृहस्थ शांत, टापटिपीचे. आवाज चढवणं त्यांना अशिष्ट वाटे.

"आठवडाभर कापड कमी उतरतंय," ते म्हणाले. "शंभर वारांमागे चार. सुताचे ताणेही कमी, कांड्याही कमी. मी विचार केला. इंजिन तेच, माग तेच, घड्याळ तेच, तास तेच. मग बदललं काय?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"माणूस," ते म्हणाले. "बाकी काहीच बदलू शकत नाही. कांडी खात्यात एक बाई आहे, गोदा नावाची. मुकादम सांगतो, बाराच्या आधी दहा मिनिटं तिचं लक्ष दाराकडे असतं. दोरा तुटला तरी सांधत नाही. तिचं बघून बाकीच्या बायका. कांड्या कमी, म्हणून माग अडतात, म्हणून कापड कमी. साखळी आहे सगळी. शनिवारी आबासाहेब येणार आहेत, त्याआधी नोटीस लावा. त्या बाईला कमी केलं, आणि यापुढे फाटकावर पोरं आणायची नाहीत."

"साहेब, आणखी काही कारण..."

"तुम्ही तर्कशास्त्राचे ना? मग सांगा, चूक कुठं आहे?"

तर्कात चूक नव्हती. फक्त पहिलंच वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं करणारा मी होतो.

नोटीस मी तीनदा लिहिली. तिन्ही वेळा अक्षर सुरेख आलं. तिन्ही वेळा नावाची जागा कोरी राहिली. मग ती खिशात घालून मी इंजिनघरात गेलो आणि इस्माईलला सगळं सांगितलं.

त्यानं कापसाच्या बोळ्यानं हात पुसले. "म्हणजे तुम्ही तिला चोवीस मिनिटं दिलीत आणि साहेबांनी ती तिच्या नावावर टाकली."

"आता काय करू?"

"रोज तेल घालणं थांबवा. कापड भरेल. साहेब म्हणतील, बाई घाबरली, सुधारली. नोकरी राहील तिची."

"आणि बारा?"

"बारा मग वाजतील तेव्हा." तो गव्हर्नरकडे बघत राहिला. "मला विचाराल तर मी कोळसा म्हणेन. पण मला कुणी विचारत नाही. आणि हे गोळे बोलत नाहीत. बोलले असते तर मीच त्यांना पान खायला घातलं असतं."

दुपारी फाटकावर गोदाक्का मला म्हणाली, "मास्तर, मुकादम म्हनतुया, माजं नाव निगालंय. खरं हाय?"

"नोटीस लागलेली नाही अजून."

"मी दोरा सोडत न्हाई, मास्तर. दूध दाटतं तवा हात जड हुतो, ते खरं. पर दोरा न्हाई सोडला कदी. सांगा त्यास्नी. ही नोकरी गेली तर तिघी काय खायाच्या?" तिनं हे रडत सांगितलं नाही. पोरीला थोपटत सांगितलं.

खिशातली नोटीस मला काट्यासारखी टोचत होती. चांगल्या कागदाची होती.

शनिवारी आबासाहेब आले. संस्थानिकांचे चुलते, सत्तरीचे, हातात चांदीच्या मुठीची काठी. त्यांना गिरणीत एकच जागा आवडे, म्हणून खुर्ची इंजिनघरात मांडली जाई. चाकाकडे बघत ते हिशेब ऐकत. दाबक्यांनी साखळी सांगितली: बाई, कांड्या, माग, कापड.

"नोटीस?" आबासाहेब म्हणाले.

दाबक्यांनी माझ्याकडे हात केला. मी घडी उलगडून दिली.

"इथं नाव नाही."

"नाही," मी म्हणालो. "माझं घालावं लागेल."

मग मी सांगितलं. ठरवलं होतं त्यापेक्षा बरंच कमी शब्दांत. शिडी, तेल, चोवीस मिनिटं. गिरणीचे तास आठ दिवस मीच कापले, म्हणून कापड कमी. त्याआधी पंधरा दिवस तास लांबले होते, म्हणून कापड पुरं.

दाबके म्हणाले, "आबासाहेब, त्याआधी कापड बरोबर होतं. म्हणजे घड्याळ बरोबर होतं."

"घड्याळ आणि माग एकाच शाफ्टवर आहेत," मी म्हणालो. "दोघं मिळून चुकले तर एकमेकांना धरून चुकतात."

आबासाहेबांनी काठी चाकाकडे रोखली. "मग खरं कोण सांगणार?"

माझ्या आधी इस्माईल बोलला. "हे गोळे सांगतील, हुजूर. हे इंजिनावर फिरतात, पण त्यांना खाली ओढते ती धरती. आणि धरतीला कोळसा लागत नाही." त्यानं कानशीची खूण दाखवली आणि तिच्या खाली फिरणारं वजन.

आबासाहेबांनी झग्यातून सोन्याचं घड्याळ काढलं. काठीची मूठ प्रत्येक फेऱ्याला हलके टेकवत त्यांनी पूर्ण मिनिट मोजलं. आम्ही तिघं उभे होतो. त्या मिनिटाइतकं लांब मिनिट मी आयुष्यात मोजलं नाही, आणि मी पुष्कळ मोजली.

"छप्पन्न," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता त्या त्रेचाळीस मिनिटांबद्दल काहीतरी बोलतील. "म्हणजे माझं इंजिन महिनाभर माघारलंय आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"कोळसा, हुजूर," इस्माईल म्हणाला. शेवटी त्याला कुणीतरी विचारलं होतं.

निकाल चहा येण्याआधी लागला. तो कोळसा बंद. बाईला हात लावायचा नाही. फाटकावरचं घड्याळ शाफ्टवरून सोडवून त्याला स्वतःची चावी बसवायची. भोंगा खऱ्या वेळेवर. पोरं फाटकावर आली तर येऊ देत, जयंती मिल काही तुरुंग नव्हे. मला त्यांनी विचारलं, "पुन्हा घड्याळाला हात लावाल?" मी म्हणालो, "गरज पडली तर." ते म्हणाले, "कायम करा याला. घड्याळ हलवणारा माणूस ओळखीचा असलेला बरा."

मी इतका हलका झालो की ते पुढे काय म्हणाले तिकडे माझं धड लक्षच नव्हतं. ते जाता जाता इस्माईलशी बोलत होते.

"चांगला कोळसा दिला तर इंजिन साठला अडेल का?"

"नाही, हुजूर. त्यात दम आहे."

"मग साठच का? घड्याळ आता मोकळं झालं. दहा तास ते दहाच राहणार. त्या दहा तासांत जास्त फेरे बसतात का बघा."

इस्माईलनं माझ्याकडे पाहिलं. "गव्हर्नरच्या वजनावर एक बिडाची चकती वाढवावी लागेल," तो हळू आवाजात म्हणाला. "वजन जड झालं की गोळे वर चढायला जास्त वेग मागतात."

"वाढवा," आबासाहेब म्हणाले.

सोमवारी चांगला कोळसा आला. काटा एकशेवीसवर गेला. चकती बसली. जमिनीखालचा ठोका बदलला, थोडासाच. मुद्दाम लक्ष दिलं तर कळावा इतका. कांडी खात्यात दोरे जास्त तुटू लागले, बायका एका चातीवरून दुसरीवर पळू लागल्या. कुणाची तक्रार नव्हती. करणार कशाची? घड्याळ बरोबर होतं. मी स्वतः लावलं होतं.

सावली मोरीच्या दगडाला टेकली. भोंगा झाला. ठोका थांबला, गिरणी गप्प झाली. गोदाक्का पळत आली, पायरीवर बसली आणि पोरीला पदराखाली घेतलं. चोळी कोरडी होती.

"टायमास्तर," रुक्माक्का म्हणाली, "तुमी लई मोटं काम केलं. आमचं बारा आमाला परत दिलं."

गोदाक्का डोळे मिटून भिंतीला टेकून बसली होती. पोरगी पिऊन झाली, तेव्हा तिला खांद्यावर घेऊन ती थोपटू लागली. इंजिन बंद होतं. फाटकाबाहेर कावळे सोडले तर कसलाच आवाज नव्हता.

"हळू की गं," रुक्माक्का म्हणाली. "तिला दचकवतीस."

"हळूच थोपटतीया, आत्ती."

मनगटावर घड्याळ होतंच. सुट्टी मोजायची होती. मी तिचा हात मोजला.

चौसष्ट.